भट्टी विझवण्याचा ठराव

मॅडम फार समतोल, असं सगळेच म्हणायचे. कॉलेजात म्हणायचे, कंपनीत म्हणायचे. नवरा गेल्यावर भेटायला आलेल्या जावा-नणंदासुद्धा परत जाताना जिन्यात एकमेकींना म्हणाल्या, "काय धीराची आहे बाई! डोळ्यातून टिपूस काढलं नाही." मॅडमनी ते ऐकलं. टिपूस येतच नव्हतं, त्यात धीर कसला? नवऱ्याला जाऊन आता वर्ष उलटलं होतं. जेवण घशाखाली उतरत होतं, झोप लागत होती, चेष्टा कळत होती, हसूही वेळेवर येत होतं. फक्त आत कुठे काही पोचत नव्हतं. दाताच्या डॉक्टरने सुई दिल्यावर गाल आपला असूनही आपला वाटत नाही, तसं काहीसं.

संध्याकाळच्या एका कॉलेजात त्या व्यापारातली नीती शिकवायच्या, आणि बाटल्या बनवणाऱ्या एका जुन्या काचकंपनीच्या संचालक मंडळावर स्वतंत्र संचालक होत्या. स्वतंत्र म्हणजे कंपनीत नोकरी नाही, मालकी नाही. बैठकीला यायचं, कागद वाचून यायचं आणि कुणाचीही भीडभाड न ठेवता मत द्यायचं.

त्या आठवड्यात कॉलेजच्या परीक्षेचं काम त्यांच्याकडे होतं. प्रश्न त्यांनीच काढला होता: "कंपनी भागधारकांच्या हितासाठी चालवावी, की तिच्यावर अवलंबून असणाऱ्या सर्वांच्या? चर्चा करा." आता तपासनिसांसाठी नमुना उत्तर लिहायचं होतं. जेवणाच्या टेबलाशी बसून ते त्यांनी एका दमात लिहून काढलं.

"भागधारक वाटपाच्या रांगेत सगळ्यांत शेवटी उभा असतो. कामगाराचा पगार, पुरवठादाराचं बिल, बँकेचं व्याज, सरकारचा कर, एवढं गेल्यावर उरलं तर ते त्याचं. नाही उरलं तर त्याचं नशीब. जो शेवटी उभा आहे त्याचं भलं पाहिलं, की त्याच्या पुढच्यांचं आपोआप भागतं, असा पहिल्या पक्षाचा दावा आहे. शिवाय संचालकांना एकच ध्येय दिलं की त्यांना जाब विचारता येतो. सगळ्यांचं हित बघतो म्हणणाऱ्याला कुणीच धरू शकत नाही. एकाला नाराज केलं की तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो.

"दुसरा पक्ष म्हणतो, करारात सगळं मावत नाही. कामगार एकाच भट्टीचं काम शिकण्यात उमेदीची वर्षं घालवतो आणि ते कसब दुसरीकडे चालत नाही. ही त्याची गुंतवणूकच आहे, फक्त ती बाजारात विकता येत नाही. भागधारक सकाळी शेअर विकून दुपारी मोकळा होतो. मग जोखीम खरी कुणाची? आणि माणसांचा विश्वास गेला की कंपनीची किंमतही टिकत नाही, म्हणजे लांबची नजर ठेवली तर दोन्ही हितं बरीचशी एका वाटेने जातात. बरीचशी, सगळी नव्हेत."

खाली त्यांनी तपासनिसांना सूचना लिहिली: निष्कर्ष कोणत्याही बाजूचा चालेल, कारणं हवीत.

मग कंपनीच्या बैठकीचे कागद उघडले, तर त्यात हाच प्रश्न.

काचेची भट्टी एकदा पेटली की बारा-पंधरा वर्षं विझत नाही. दिवसरात्र, सणासुदीला, माणसं झोपली तरी ती आपली धगधगत असते. पण आतल्या विटा वितळत्या काचेने झिजत जातात, आणि एक दिवस ठरवावंच लागतं: उतरवून नव्याने बांधायची, की कायमची निजवायची. कंपनीच्या भट्टीचा तो दिवस आला होता. नवी बांधायची तर कर्ज काढावं लागणार आणि भागधारकांना काही वर्षं लाभांशाचं नावही काढायला नको. विझवायची तर जमीन विकता येणार, बाटल्या बाहेरून आणून आपला शिक्का मारून विकता येणार, आणि भागधारकांना घसघशीत विशेष लाभांश.

मंडळात पाचजण. वित्तप्रमुख आणि फंडाचा माणूस विझवण्याच्या बाजूचे; फंड म्हणजे कंपनीचा चौथा हिस्सा ज्याच्याकडे होता तो गुंतवणूक फंड. कारखानाप्रमुख आणि अध्यक्ष नव्या भट्टीच्या बाजूचे. अध्यक्ष संस्थापकांचे नातू. त्यांच्या घराण्याकडे तिसरा हिस्सा. राहिल्या मॅडम.

पहिल्या बैठकीतच त्यांनी सांगून टाकलं, "माझे वडील या कारखान्यातून निवृत्त झालेत. कामगारांना शेअर वाटले होते तेव्हाचे थोडे त्यांच्याकडे अजून आहेत. नोंद करा."

कंपनी सेक्रेटरीने मान हलवली. "मॅडम, एवढ्याशाने मतदानाला अडचण येत नाही. पण सांगितलंत ते बरं केलंत. कार्यवृत्तात घेतो."

फंडाचा माणूस तरुण होता, बोलायला गोड नव्हता, पण आडपडदाही ठेवायचा नाही. "मला सगळे खलनायक समजतात, हरकत नाही," तो म्हणाला. "फंडाने पाठवलं असलं, तरी या खुर्चीत बसून मला कंपनीचंच हित बघायचंय, हे मला माहीत आहे. तेच बघतोय. औषधाच्या बाटल्या प्लॅस्टिकच्या झाल्या. आपलं सगळ्यांत मोठं गिऱ्हाईक गेलं. गिऱ्हाईक नसताना भट्टी बांधायची म्हणजे कामगारांना पाच वर्षांनी बुडवायचं, आणि तेव्हा त्यांना द्यायलाही काही उरणार नाही. आणि आमच्या फंडात पैसे कुणाचे आहेत? नर्सांचे, शिक्षकांचे. मॅडम, तुमच्या कॉलेजचं पेन्शनही त्यात असेल."

"आहे," मॅडम म्हणाल्या.

वित्तप्रमुख त्यांचाच जुना विद्यार्थी. बाहेर पडताना तो हळूच म्हणाला, "मॅडम, परीक्षेत मी भागधारकांची बाजू घेतली होती. तुम्ही भरपूर गुण दिले होते."

"कारणं चांगली असतील," मॅडम म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्या कारखान्यात गेल्या. कारखानाप्रमुखांनी त्यांना निळ्या काचेचा चष्मा दिला आणि भट्टीच्या भिंतीतल्या झरोक्यातून आत बघायला सांगितलं. आत काही जळताना दिसत नव्हतं. नुसता उजेड होता, जाडसर, मधासारखा. खाली तो उजेड थेंबाथेंबाने कापला जाऊन साच्यात पडत होता आणि लालबुंद बाटल्या होऊन पट्ट्यावरून चालत येत होत्या. पुढे तपासणीच्या टेबलांवर बायका दिव्यासमोर बाटल्या धरून तडे शोधत होत्या. एका बाईने मॅडमकडे पाहिलं, ओळखलं, आणि पुन्हा बाटलीकडे पाहिलं.

"नवी भट्टी विजेची करू," कारखानाप्रमुख जोरात बोलत होते, कारण आवाजच तेवढा होता. "धूर नाही, इंधन कमी. मी सगळा आराखडा काढलाय."

"माणसं किती लागतील?"

ते पट्ट्याकडे वळले. "निम्मी. तपासणी तर कॅमेरेच करतील."

"या बायका?"

"म्हणून तर कुणाला अजून सांगितलं नाही मी," ते म्हणाले. मग ओशाळून म्हणाले, "निम्मी तरी राहतील ना, मॅडम. आणि मीही राहीन, खोटं कशाला बोलू?"

मॅडमच्या चेहऱ्यावर धग येत होती. कातडी तापली आहे एवढं त्यांना समजत होतं. वाईट वाटायला हवं, असंही त्यांना समजत होतं. त्या वाट बघत राहिल्या. काही आलं नाही. त्यांनी चष्मा काढून परत दिला.

परत निघताना अध्यक्षांनी त्यांना वर आपल्या खोलीत चहाला बोलावलं. दार स्वतः लावलं. भिंतीवर आजोबांचा फोटो होता, हातात पहिली बाटली घेतलेला.

"तुम्ही समतोल आहात म्हणून तुमच्याशी मोकळं बोलतो," ते म्हणाले. "मी नव्या भट्टीच्या बाजूने मत देणार. जाहीरच केलंय. या गावात तोंड दाखवायचंय मला. आजोबांनी माणसं हाताला धरून आणली होती."

"हो."

"पण घरचं तुम्हाला काय सांगू! भाऊ, बहिणी, काका, सगळ्यांना पैसे हवेत. रोज फोन. आणि खरं बघायला गेलं तर फंडाच्या पोराचं चूक नाही." त्यांनी कप बशीत ठेवला. "तुम्ही जर विझवण्याच्या बाजूने गेलात, तर तीन विरुद्ध दोन. माझाही नाइलाज होईल. समजतंय ना?"

मॅडमना समजत होतं. भट्टी विझणार, पैसे घराण्यात येणार, आणि अध्यक्ष फाटकावर जाऊन सांगणार की मी एकटा शेवटपर्यंत झगडलो. त्या तटस्थ राहिल्या तर समसमान मतं पडून निर्णायक मत अध्यक्षांवर येणार, आणि तेच त्यांना नको होतं.

"चहा छान आहे," मॅडम म्हणाल्या आणि उठल्या.

घरी बाबा खिडकीशी बसून भाजी निवडत होते. जावई गेल्यापासून ते लेकीकडे राहायला आले होते. सोबत म्हणून आले, पण दोघंही दिवसदिवस फारसं बोलत नसत.

मॅडम बैठकीतलं बाहेर बोलणाऱ्यांपैकी नव्हत्या. पण भट्टीचं वय गावाला पाठ होतं.

"बाबा, भट्टी नव्याने बांधावी असं तुम्हाला वाटतं?"

"कोण विचारतंय? माझी पोरगी की ती खुर्ची?"

"पोरगी."

बाबांनी देठ मोडत मोडत विचार केला. "शेअर आहेत माझ्याकडे. मोठी रक्कम आली तर गुडघ्याचं ऑपरेशन करून घेईन म्हणतो. आणि माझ्या जागेवर जो पोरगा आता आहे, त्याला मीच काम शिकवलंय. त्याची पोरं लहान आहेत." पुढचा देठ मोडला. "दोन्ही खरंच आहे ना गं. तू तर शिकवतेस हेच."

"शिकवते."

"मग?"

"शिकवताना दोन्ही बाजू सांगून झाल्या की घंटा वाजते, बाबा."

ते हसले नाहीत. भाजी लेकीपुढे सरकवली आणि काठी टेकत आत गेले.

मतदानाच्या दिवशी खोलीत एसी इतका गार होता की सेक्रेटरीने मफलर गुंडाळला होता. अध्यक्षांनी एकेकाला विचारलं. वित्तप्रमुख: विझवावी. फंडाचा माणूस: विझवावी. कारखानाप्रमुख: बांधावी. म्हणताना त्यांचा आवाज फाटला. अध्यक्ष म्हणाले, "माझं मत सर्वांना ठाऊक आहे. नवी भट्टी." आणि त्यांनी मॅडमकडे बघितलं, तहानलेला माणूस माठाकडे बघतो तसं.

मॅडमनी टेबलावर हात पसरले. आपलेच हात त्यांना कुणा दुसरीने ठेवलेले वाटले.

"नवी भट्टी बांधली तरी निम्मी माणसं जाणार आहेत," त्या म्हणाल्या, "आणि ती गोष्ट अजून कुणी कामगारांना सांगितलेली नाही. गिऱ्हाईक नसताना कर्ज काढून राहिलेल्या निम्म्यांनाही आपण चार-पाच वर्षांत घालवू. त्यामुळे बांधावी असं म्हणायला मला कारण सापडत नाही. पण जमीन विकून आलेला सगळा पैसा भागधारकांना वाटावा, यालाही सापडत नाही. त्या जमिनीची किंमत जशी भांडवलाने वाढली, तशी ती माणसांनीही वाढवली आहे. म्हणून विझवायला माझं मत आहे, ते अटींवर."

"कोणत्या?" फंडाच्या माणसाने पेन उघडलं.

"कामगारांची सगळी देणी आधी. कायद्यात बसतात तेवढीच नाही. जो जितका जुना, त्याला तितकं जास्त. वाळू आणि सोडा पुरवणाऱ्या छोट्या गाडीवाल्यांचे करार मुदतीपर्यंत पाळायचे. जमिनीत मुरलेली रसायनं आपण साफ करून मगच विकायची. नवं काम शिकवायला आणि मिळवून द्यायला एक समिती, तिला स्वतःचा पैसा. हे सगळं झाल्यावर उरेल तो विशेष लाभांश."

"निम्मा उरेल," वित्तप्रमुख हिशोब न करताच म्हणाला.

फंडाचा माणूस पेनाने दातावर टकटक करत होता. "करारांचं पटतं. देण्यांचंही, उद्या कोर्टकज्जे नकोत. जमीन साफ करणं तर कधीतरी गळ्यात येणारच. समितीला मुदत घाला, नाहीतर ती अमरपट्टा घेऊन बसेल."

"दोन वर्षं."

"चालेल. फंडात मला शिव्या पडतील." त्याने खांदे उडवले. "त्या मी खातो."

सुधारित ठराव मांडला गेला. तीन विरुद्ध दोन. सर्वसाधारण सभेचा शिक्का अजून लागणार होता, सरकारी परवानग्याही. पण घराणं आणि फंड एकीकडे असताना सभेत वेगळं काही घडणार नव्हतं. अध्यक्षांनी लांब श्वास सोडला. "वाईट दिवस," ते म्हणाले, पण त्यांचे खांदे हलके झालेले दिसत होते. "फाटकावर मी जातो. मी विरोधात मत दिलं हे लोकांना..."

"नाही," मॅडम म्हणाल्या.

आवाज चढला नव्हता. तरी सेक्रेटरीने मान वर केली.

"कुणी काय मत दिलं ते कार्यवृत्तात राहील. ठराव झाला की तो मंडळाचा. फाटकावर मंडळ बोलणार. मी एकटा भांडलो, असं कुणीही सांगायचं नाही. मी तुमच्या शेजारी उभी राहते. आणि ज्यांना हे मान्य नसेल त्यांनी आत्ताच बोलावं, म्हणजे मीही चहाला कुणी काय सांगितलं ते आत्ताच बोलते."

फंडाच्या माणसाने अध्यक्षांकडे बघून एक भुवई उचलली आणि पुन्हा कागदात मान घातली.

फाटकावर ऊन होतं. अध्यक्ष हातातल्या कागदावरून वाचत होते आणि "मंडळाने असा निर्णय घेतला आहे" या वाक्यावर दरवेळी अडखळत होते. लोक ऐकत होते. आरडाओरड होईल म्हणून रखवालदार वाढवले होते, पण कुणी ओरडलं नाही. मागून एकाने विचारलं, "म्हणजे कधी?" आणि कारखानाप्रमुखांनी तारीख सांगितली. मग लोक पाळी बदलायला आत गेले, कारण भट्टी अजून पेटलेली होती आणि बाटल्या येतच होत्या.

रात्रीचं जेवण झाल्यावर बाबांनी विचारलं, "तू दिलंस मत?"

"दिलं."

"बरं," ते म्हणाले. त्या एका शब्दात काय होतं, हे मॅडमना ठरवता आलं नाही. भांडी घासताना त्यांनी पाणी गरम आहे की गार, हे दोनदा बोट घालून पाहिलं.

भट्टी विझवली त्या दिवशी मॅडम बाबांना घेऊन गेल्या. तळाचं भोक उघडून आतली काच खालच्या पाण्यात सोडतात; ती फुटून, तडतडून साखरेसारखी ढीग होऊन पडते. बाबांनी कठडा धरला होता. त्यांच्या जागेवर आता असलेला माणूस येऊन त्यांच्या पाया पडला, मग लगेच आपल्या कामाला गेला. बाबा रडत होते. मॅडमनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला, कारण अशा वेळी ठेवतात.

समितीचं अध्यक्षपद मॅडमनीच घेतलं. दुसरं कुणी घेईना. कारखान्याच्या जुन्या हजेरीखोलीत त्या दर आठवड्याला बसू लागल्या, मदतीला सेक्रेटरी. लोक यायचे, नव्या कामाचं विचारायचे. कुणाला बेकरीत काम लागलं, कुणाला इस्पितळाच्या बॉयलरवर. पुष्कळांना लागलं नाही. मॅडम सगळ्यांशी सारख्याच शांतपणे बोलायच्या, आणि लोकही सारखेच शांत असायचे, जणू सगळ्यांनाच एका हाताने दाताच्या डॉक्टरची ती सुई दिली होती.

एका दुपारी तपासणीच्या टेबलावरची ती बाई आली. खुर्चीवर बसली नाही.

"मुलाखतीला पाठवलं होतंत मला, दुकानात," ती म्हणाली. "वय विचारलं आणि परत पाठवलं."

"मी बोलते त्यांच्याशी. दुसरीकडे एक..."

"गप्प बसा जरा!" बाई ओरडली. बाहेर रांगेतली कुजबुज थांबली. "किती छान बोलता हो तुम्ही! तुमचं सगळं बरोबरच असतं. यांचंही बरोबर, त्यांचंही बरोबर! माझ्या डोळ्यांनी एवढी वर्षं तडा शोधलाय, केसाएवढा तडा. तुमच्यात एक सापडत नाही मला. माणूस आहात की बरणी? आम्हाला घालवलंत, तेव्हा एकदा तरी वाईट वाटलं का तुम्हाला? खरं सांगा!"

सेक्रेटरी दारात आला होता. मॅडमनी हातानेच त्याला थांबवलं.

"नाही," त्या म्हणाल्या. "तेव्हा नाही वाटलं."

असं उत्तर बाईला अपेक्षित नव्हतं. तिच्या नाकपुड्या थरथरत होत्या, हातातली पिशवी एकसारखी हलत होती, आणि त्या हलणाऱ्या पिशवीकडे बघता बघता मॅडमच्या छातीत काहीतरी ओरखडल्यासारखं झालं. लागलं ते. चांगलंच लागलं. त्यांना आधी कळेना की हे काय आहे. मग त्यांनी टेबलाची कड धरली.

"तुम्ही सोडून जाऊ नका," त्या कशाबशा म्हणाल्या. "बोला. आणखी बोला."

बाईने पिशवी जमिनीवर ठेवली, खुर्ची ओढली आणि बोलायला लागली.